सकाळी केसांना पाचच मिनिटं मिळतात? मग किती कापायचे आणि कुठून कापायचे, हे आधी समजून घ्या

सकाळी वेळ मिळत नाही म्हणून लांब केसांची आई पार्लरमध्ये जाते. तिथे दोनपैकी एक सल्ला हमखास मिळतो. एक, "सरळ बॉब करून टाका, कटकट संपली." दोन, "लेंथ तशीच ठेवू, स्टेप कट मारू, केस हलके होतील." दोन्ही कट दिसायला छान असतात. पण घाईच्या सकाळी दोन्ही कामं वाढवतात. ती कशी वाढतात, हे कळायला केसांवर सकाळचा वेळ नेमका कुठे जातो ते पाहावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. कळंब्यात राहणारी आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला असलेली दोन मुलांची आई. आठला दुचाकी काढावी लागते. त्याआधी दूध, दोन-तीन डबे, मुलांची आंघोळ आणि शाळेची रिक्षा. केस कमरेपर्यंत, थोडेसे लहरी, शेंड्याला विरळ. गाडीवर स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट. संध्याकाळी घरी पोचायला साडेसहा.

तिच्या केसांवर सकाळी पंधरा-अठरा मिनिटं जातात असं धरा. त्यातली वेणी घालायला लागतात जेमतेम चार. उरलेला सगळा वेळ जातो गुंता सोडवण्यात. हा गुंता टाळूजवळ नसतो, मानेजवळही फारसा नसतो. तो असतो शेवटच्या सहा-सात इंचांत.

शेवटच्या सात इंचांचं वय

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. कमरेपर्यंत केस असतील तर टाळूपासून शेंड्यापर्यंत एका केसाची लांबी सुमारे 26 इंच भरते. म्हणजे शेंडा 52 महिन्यांचा, चार वर्षांहून जुना झाला. त्या शेंड्याने चार पावसाळे पाहिलेत, शेकडो वेळा शाम्पू सोसलाय, रोज दुचाकीच्या वाऱ्यात मार खाल्लाय. खुर्चीच्या पाठीला आणि खांद्यावरच्या पर्सच्या पट्ट्याला तो घासला गेलाय ते वेगळंच.

केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. नव्या केसात ते सपाट बसतात, म्हणून केस एकमेकांवरून घसरतात. जुन्या शेंड्यात ते उचकटतात, झडतात. मग केस एकमेकांत अडकतात. त्याला गुंता म्हणायचं. तेल आणि सीरम लावल्यावर हे पापुद्रे तात्पुरते चिकटून बसतात, पुन्हा नवे होत नाहीत.

शेंडे विरळ दिसण्यामागे आणखी एक कारण आहे. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो आणि गळतो. सगळे केस कमरेपर्यंत पोचत नाहीत, बरेचसे वाटेतच गळतात. त्यामुळे खाली उरते ती शेपटी.

आता या आईच्या केसांतून सात इंच कमी केले तर टाळूवरचा केस उरतो 19 इंचांचा. म्हणजे सर्वांत जुना भाग 38 महिन्यांचा, तीन वर्षांच्या आसपास. लांबी पाठीच्या मध्यापर्यंत येते. वेणी घालता येते, क्लचर बसतो, सणाला छोटा अंबाडा घालून गजराही माळता येतो. "एवढे केस कापलेस?" हा घरातला प्रश्न टळतो असं नाही, पण त्याला उत्तर देता येतं. आणि सकाळचा सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग गेलेला असतो.

(कापलेले केस दान करायचा विचार असेल तर सात इंच सहसा पुरत नाहीत. विगसाठी केस घेणाऱ्या बहुतेक संस्था याहून जास्त लांबी मागतात. त्यासाठी आणखी वाढवत बसायचं की आत्ता सकाळ सोपी करायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न.)

मग बॉब का नको?

बॉबला सकाळी गुंता नसतो, हे खरं. पण झोपेत केस ज्या बाजूला दबले, तसेच सकाळी उभे राहतात आणि ते बांधून लपवता येत नाहीत. पाणी मारा, ब्लोअर फिरवा, मगच बाहेर पडा. त्यावर स्कार्फ-हेल्मेट चढवलं की ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा तेच. शिवाय बॉबचा आकार इंचभर वाढीनेही बिघडतो, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी पार्लर आलं. खांद्याला टेकणारी लांबी तर आणखी त्रासाची, कारण केस खांद्यावर आपटून बाहेरच्या बाजूला वळतात. अगदी सरळ, दाट केस आणि हेल्मेटची गरज नसलेली नोकरी असेल तर बॉब चालून जातो. आपल्या उदाहरणातल्या आईला तो महाग पडेल.

स्टेप कटमध्ये काय फसतं?

स्टेप कटमध्ये वरचे थर हनुवटीच्या किंवा कानाच्या उंचीवर कापले जातात. मोकळे सोडले की भारदस्त दिसतात. पण ते थर रबरात येत नाहीत. वेणीतून दर दोन इंचांवर टोकं बाहेर येतात, कानाजवळ झिपऱ्या सुटतात. त्या बसवायला पिना लागतात, म्हणजे वाचवायला गेलेला वेळ पिनांत गेला. कपाळावर फ्रिंज घेतली असेल तर हेल्मेटखाली ती घामाने चिकटते आणि डोकं न धुता फक्त फ्रिंज धुवायची वेळ येते.

इथे एकच मोजमाप कामाचं आहे. कपाळावरच्या रेषेपासून केस कानावरून मागे घेऊन मानेजवळच्या रबरापर्यंत नेला, तर साधारण दहा इंच लागतात. रबराबाहेर इंच-दोन इंच उरलं तरच तो केस दिवसभर टिकतो. म्हणजे सर्वांत आखूड थर 11 ते 12 इंचांचा हवा. चेहऱ्यासमोर सोडला तर एवढा केस गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत, म्हणजे कॉलरबोनपर्यंत येतो. हनुवटीपर्यंतचा थर सात-आठ इंचांचाच असतो. तो मागे पोचणार नाही, हे कापण्याआधीच सांगता येतं.

म्हणून या आईसाठी कट असा ठरतो: मागे पाठीच्या मध्यापर्यंत हलका यू, पुढे कॉलरबोनपासून सुरू होणारे लांब थर, फ्रिंज नाही. यू खोल घेतला तर मधोमध पुन्हा तीच शेपटी उरते, म्हणून हलका.

खुर्चीत बसल्यावर

पार्लरमध्ये "लेयर्स करा" एवढंच म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या सवयीने कापतो. त्यापेक्षा वाक्य असं हवं: "मी रोज केस मानेजवळ बांधते आणि हेल्मेट घालते. सर्वांत आखूड बट कॉलरबोनच्या वर जाऊ देऊ नका. मागे हलका यू हवा. ब्लोअर मी वापरत नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कापून झाल्यावर ब्लोअरने सेट केलेला कोणताही कट सुंदर दिसतो; घरी आपोआप वाळलेल्या केसांत तो कसा बसतो, हे त्या आरशात कळत नाही.

ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर आखडतात. लहरी केसांत हा फरक इंचभर, कुरळ्या केसांत त्याहून बराच जास्त पडू शकतो. त्यामुळे सात इंच काढायचे असले तरी आधी पाच काढून घ्यावेत, केस वाळू द्यावेत, मग उरलेले दोन. कुरळे केस असतील तर कोरडे असतानाच कापायला सांगणं बरं. केस दाट असले की पातळ करायची दातेरी कात्री हमखास निघते. ती मुळांजवळ चालली तर दोन-तीन आठवड्यांत आखूड केस वरच्या केसांतून काट्यांसारखे उभे राहतात. वापरायचीच तर खालच्या तीन-चार इंचांत.

उठण्याआधी एक चाचणी करायची. पर्समधला रोजचा रबर काढून केस मानेजवळ बांधायचे आणि डोकं खाली-वर, डावी-उजवीकडे हलवायचं. काही सुटलं तर वरचे थर आखूड झालेत. कापलेले केस परत जोडता येत नाहीत, म्हणून शक्य असेल तर हीच चाचणी पुढचे थर घेताना मध्येच एकदा करावी.

बाळ लहान असेल तर एक गोष्ट वेगळी. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस भराभर गळू लागतात आणि बहुतेकींचं गळणं बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास थांबतं. त्यानंतर कपाळाशी जे आखूड केस उभे राहतात ते नवे असतात, कटची चूक नाही. कापल्याने गळणं थांबत नाही, फक्त कंगव्यात लांब केस कमी दिसतात. वर्ष उलटूनही गळणं चालू असेल तर पार्लर बदलू नये, डॉक्टरांकडून थायरॉइड आणि लोह तपासून घ्यावं.

कटनंतरची सकाळ

धुण्याचं काम सकाळवरून संध्याकाळवर ढकललं तरच या कटचा पूर्ण फायदा मिळतो. आठवड्यातून दोनदा, कामावरून आल्यावर. धुण्याआधी कोरडे केस खालून वर असे मोकळे करायचे, म्हणजे शेंड्यापासून सुरुवात. वरून कंगवा ओढला की सगळा गुंता खाली जाऊन घट्ट होतो. टॉवेलने घासण्याऐवजी जुन्या सुती ओढणीने दाबून पाणी टिपायचं. स्वयंपाक-जेवण होईपर्यंत केस मोकळे. झोपताना जवळपास वाळलेल्या केसांची सैल वेणी. सकाळी ती सोडायची, दोन-तीनदा कंगवा फिरवायचा, मानेजवळ पुन्हा बांधायची. पाच मिनिटांत होतं. अंबाडा किंवा उंच पोनी हेल्मेटखाली बसत नाही, त्यामुळे दुचाकीवर वेणीच बरी. क्लचर ऑफिसात पोचल्यावर.

पावसाळ्यात हे गणित थोडं कोलमडतं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवेत एवढी ओल असते की संध्याकाळी धुतलेले केस दहापर्यंत वाळत नाहीत. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी कुबट वास येतो आणि डोकं खाजतं. त्या महिन्यांत एक धुणं रविवारी दुपारी ठेवावं. आठवड्यातलं दुसरं धुणं असेल तेव्हा पंख्याखाली बसून फक्त मुळांपाशी थंड हवेचा ब्लोअर फिरवावा. शेंडे आपोआप वाळतात, मुळंच ओली राहतात.

पुढचं ट्रिमिंग तीन-चार महिन्यांनी. तेवढ्यात दीड-दोन इंच वाढ झालेली असते, त्यातला इंचभर काढला तरी पुरतं. तारखेपेक्षा कंगव्यावर लक्ष ठेवावं. शेवटच्या दोन-तीन इंचांत तो पुन्हा अडकायला लागला, की पुढच्या सुट्टीला पार्लरमध्ये जायचं.