आठ आकड्यांचा पिन, अकरा हजार शक्यता

राउटर उलटा करून पाहिला की स्टिकरवर वायफायचे नाव आणि पासवर्ड यांच्या आसपास बऱ्याचदा आठ आकड्यांचा आणखी एक क्रमांक छापलेला दिसतो: WPS PIN. घरात तो कुणी कधी वापरलेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्षही जात नाही. पण हा क्रमांक जो कुणी राउटरला बरोबर सांगेल, त्याला राउटर तुमचा वायफायचा पासवर्ड स्वतःहून देऊन टाकतो. पासवर्ड वीस अक्षरी असो की साठ अक्षरी, त्याने काही फरक पडत नाही.

डब्ल्यूपीएस ही सोय वायफाय अलायन्स या उद्योगसंस्थेने २००६ साली आणली. प्रिंटरसारख्या उपकरणावर लांबलचक पासवर्ड टाइप करणे त्रासाचे, म्हणून पासवर्ड न टाइपता जोडणी व्हावी, हा हेतू. त्याचे दोन मुख्य मार्ग. एकात राउटरवरचे बटण दाबायचे, मग उपकरणावरचे. राउटर दोन मिनिटे वाट पाहतो आणि दार लावून घेतो. दुसऱ्यात पिन सांगायचा. आणि या दुसऱ्या मार्गाला वेळेचे बंधनच नाही. तो चालू असेल तर मध्यरात्रीही राउटर पिन ऐकायला तयार असतो.

आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटेल. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने ठरतो, म्हणजे उरल्या एक कोटी. खरी चूक याच्या पुढची आहे. राउटर पिन एकदम तपासत नाही. आधी पहिले चार आकडे तपासतो आणि ते चुकले असतील तर तिथेच नकार कळवतो. बरोबर असतील तरच पुढच्या अर्ध्याकडे वळतो. बॅगेच्या कुलपाची एकेक चकती बरोबर बसली की खट्ट आवाज यावा, तसलाच हा प्रकार. त्यामुळे पहिल्या अर्ध्यासाठी जास्तीत जास्त दहा हजार प्रयत्न, दुसऱ्यासाठी फक्त एक हजार. शक्यतांचा गुणाकार व्हायला हवा होता, झाली बेरीज: अकरा हजार.

समजा, पिन ४८३२७१५२ आहे. ०००० पासून ओळीने सुरुवात केली तर ४८३२ पर्यंत पोचायला ४,८३३ प्रयत्न लागतात. पुढे ७१५ सापडायला आणखी सातशेच्या आसपास, आणि शेवटचा २ हिशेबाने मिळतो. एकूण साडेपाच हजार. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तर तीन तासांत काम फत्ते, तेही शेजारच्या इमारतीत बसून. ही उणीव स्टेफान फीबॉक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये जाहीर केली आणि ती वापरणारे मोफत सॉफ्टवेअरही लगेच उपलब्ध झाले.

मग उत्पादकांनी उपाय केला: काही वेळा पिन चुकला की राउटर थोडा वेळ नवे प्रयत्न नाकारतो. त्याने हल्ला लांबतो, काही वेळा कंटाळवाणा होऊन सोडूनही दिला जातो. पण २०१४ मध्ये दोमिनिक बोंगार यांनी दाखवले, की काही राउटरांतील चिप जे गुप्त यादृच्छिक आकडे तयार करतात, तेच अंदाज बांधण्याजोगे असतात. अशा राउटरशी एकदाच संवाद साधला की पुढचा हिशेब हल्लेखोराच्या संगणकावर काही सेकंदांत वा मिनिटांत होतो. तिथे चुकांची मोजदाद काय कामाची?

बटणाच्या मार्गात मात्र हा दोष नाही. तिथला धोका त्या दोन मिनिटांपुरता, किंवा राउटरपर्यंत हात पोचणाऱ्या माणसाचा. म्हणून माझे मत असे: पिन कायमचा बंद, बटण गरजेपुरते. दुकानात, दवाखान्यात किंवा वसतिगृहात राउटर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताशी असेल तर बटणही बंदच ठेवलेले बरे.

राउटरचे पान ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 या पत्त्यावर उघडते. नेमका पत्ता स्टिकरवर असतो. वायरलेसच्या विभागात डब्ल्यूपीएस सापडेल. काही राउटरांत पिन आणि बटण यांचे वेगळे खटके असतात, काहींत एकच. एकच असेल तर सगळेच बंद करावे. आधीच जोडलेली उपकरणे तुटत नाहीत, कारण त्यांच्याकडे पासवर्ड साठवलेला असतो. नवा प्रिंटर आला तर सोय चालू करावी, जोडणी करावी आणि पुन्हा बंद करावी. पाहुण्यांच्या फोनसाठी तर डब्ल्यूपीएसची गरजच नाही. आयफोनला ते कधीच चालत नव्हते, अँड्रॉइडनेही ९ व्या आवृत्तीपासून काढून टाकले. क्यूआर कोड दाखवला की पुरते.

काही जुन्या राउटरांत खटका बंद केला तरी सोय आतून चालूच राहते. म्हणून अँड्रॉइडवर वायफाय तपासणारे एखादे ॲप घेऊन आपल्या नेटवर्कच्या तपशिलात [WPS] दिसते का, ते पाहावे. बटण चालू ठेवले असेल तरी ही खूण दिसते; पण सगळे बंद करून राउटर पुन्हा सुरू केल्यावरही ती राहिली, तर राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि तरीही न गेल्यास राउटर बदलावा. कुणी आधीच आत शिरल्याची शंका असेल तर डब्ल्यूपीएस आधी बंद करून मगच पासवर्ड बदलावा. उलट क्रमाने केले तर ज्याच्याकडे पिन आहे, त्याला राउटर नवा पासवर्डही सांगून मोकळा होतो.