गुणाकार एकाच बाजूने होतो तेव्हा

बारावीच्या मुलाने वहीच्या पानाचा फोटो काढून शिकवणीच्या सरांना पाठवला आहे. पान जरा तिरकं आलंय, एका कोपऱ्यावर हाताची सावली आहे, पण आकडे नीट वाचता येतात. दोन घरांनी घेतलेले तांदूळ, डाळ आणि साखर किती किलो, ते A या मॅट्रिक्समध्ये आहे. याच जिनसांचे तीन दुकानांतले दर B मध्ये आहेत. खाली प्रश्न: AB आणि BA काढा, शक्य नसल्यास कारण द्या.

```
A = [ ५  २  १ ]      B = [  ६०   ५५   ५८ ]
    [ ३  १  २ ]          [ १४०  १५०  १४५ ]
                         [  ४५   ४४   ४६ ]
```

मुलाने AB बरोबर काढलंय. BA पाशी मात्र तो अडला आहे.

अशा वेळी आकड्यांना हात लावण्याआधी दोन्ही मॅट्रिक्सचे आकार लिहून घ्यावेत. आधी आडव्या ओळी मोजायच्या, मग उभे स्तंभ. हा क्रम पक्का ठरलेला आहे. A चा आकार २ × ३, B चा ३ × ३. आता AB साठी दोन्ही आकार शेजारी मांडायचे: २ × ३ आणि ३ × ३. मधले दोन आकडे, ३ आणि ३, जुळले म्हणजे गुणाकार होतो, आणि बाहेरचे दोन आकडे उत्तराचा आकार सांगतात: २ × ३. BA साठी मांडणी उलटते, ३ × ३ आणि २ × ३. मध्ये ३ आणि २ आले. इथेच थांबायचं.

हा नियम पाठ करण्यापेक्षा तो कुठून येतो ते एकदा आकड्यांत पाहिलेलं बरं. AB मधला पहिला आकडा काढताना A ची पहिली ओळ आणि B चा पहिला स्तंभ घेतात: ५ × ६० + २ × १४० + १ × ४५ = ६२५. पहिल्या घराचं पहिल्या दुकानातलं हे बिल. तांदळाचे किलो तांदळाच्या दराला भेटले, डाळीचे डाळीच्या, साखरेचे साखरेच्या. तसंच पुढे गेलं की पूर्ण उत्तर मिळतं:

```
AB = [ ६२५  ६१९  ६२६ ]
     [ ४१०  ४०३  ४११ ]
```

ओळी घरांच्या, स्तंभ दुकानांचे. मधले जिन्नस बेरजेत विरघळून गेले.

आता BA करून पाहू. B ची पहिली ओळ ६०, ५५, ५८ आणि A चा पहिला स्तंभ ५, ३. साठला पाच मिळाले, पंचावन्नला तीन, अठ्ठावन्नला जोडीदारच नाही. काही मुलं इथे A खाली शून्यांची एक ओळ घालून गाडी पुढे रेटतात. पण मग ते तिसऱ्या, काहीच न घेणाऱ्या घराचं नवं गणित होतं. विचारलेलं BA ते नव्हेच. उत्तर शून्यही नाही आणि शून्य मॅट्रिक्सही नाही. लिहायचं ते असं: B मधील स्तंभ ३, A मधील ओळी २, संख्या समान नाहीत, म्हणून BA अस्तित्वात नाही.

आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८५८ साली मॅट्रिक्सवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हाही गुणाकाराची ही रीत एकामागून एक दोन रूपांतरं करण्यातून आली होती. पहिल्या रूपांतरातून जे बाहेर पडतं तेवढंच दुसऱ्यात आत जायला हवं. मधले आकडे जुळण्याची अट त्यातूनच येते.

फोटोवरून गणित सोडवताना एक धोका मात्र आकारांच्या या तपासणीतूनही निसटतो. A चा शेवटचा स्तंभ फोटोच्या कडेला कापला गेला, तर A दिसेल २ × २, मग AB सुद्धा जुळणार नाही आणि काहीतरी चुकलंय हे लगेच कळेल. B चा उजवा स्तंभ कापला गेला तर? B दिसेल ३ × २. आता AB होतं आणि BA सुद्धा होतं! कुठेच काही अडत नाही. BA च्या पहिल्या ओळीतला दुसरा आकडा येतो ६० × २ + ५५ × १ = १७५. नीट पाहिलं तर इथे तांदळाच्या दराला डाळीच्या किलोंनी गुणलंय. आकडेमोड बिनचूक, अर्थ शून्य.

म्हणून आकार मोजण्याआधी कंस पाहावा. प्रत्येक मॅट्रिक्सचा डावा आणि उजवा, दोन्ही कंस फोटोत पूर्ण दिसायला हवेत. उजवा कंस नसेल तर स्तंभ किती आहेत हे ठरवताच येत नाही. मग गणितातलं वाक्य वाचावं: दुकानं तीन म्हटली असतील आणि B मध्ये दोनच स्तंभ दिसत असतील, तर पानाचा दुसरा फोटो मागवावा.