कौतुकाचा मेल लिहिताना

‘अवघड काम वेळेत पूर्ण केल्याबद्दल संपूर्ण टीमचं मनःपूर्वक अभिनंदन!’ असा मेल आला की सगळे ‘थँक्यू सर’ लिहितात आणि कामाला लागतात. यातलं एक अक्षरही न बदलता हा मेल शेजारच्या टीमला पाठवता येईल, आणि त्याची उणीव नेमकी तिथेच आहे.

एक प्रसंग घेऊ. १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींहून जास्त उलाढालीच्या व्यवसायांना इतर व्यवसायांना द्यायच्या बिलांसाठी जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, त्याचा आयआरएन क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा; त्याशिवाय ते बिल ग्राह्य नाही. समजा, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी तुमच्या टीमला ही सोय उभी करायची होती. तारीख सरकारची, त्यामुळे मुदत वाढवून मागायला जागाच नाही. चाचणीत बिलं परत येऊ लागली, कारण जुन्या ग्राहकांच्या नोंदींत पिनकोड एका राज्याचा आणि राज्य दुसरंच होतं.

आता मेल असा लिहिता येईल:

‘पिनकोडचा घोळ टेस्टिंगमध्ये तुम्ही जुलैतच पकडलात. अकाउंट्सच्या ताईंनी ग्राहकांना एकेक फोन करून पत्ते दुरुस्त केले. पोर्टल बंद पडलं तर बिलं रांगेत थांबवून नंतर आपोआप पाठवायची सोय तुम्ही केलीत. पहिल्या दिवशी १४२ बिलं केली, त्यातली ३ परत आली आणि ती तासाभरात दुरुस्त झाली. बिलाअभावी एकही गाडी गेटवर अडली नाही.’

प्रत्यक्षात ‘तुम्ही’च्या जागी प्रत्येकाचं नाव घालायचं. आकडे आठवणीतून लिहू नयेत, त्या दिवसाच्या नोंदींतून घ्यावेत. ‘कंपनीचे लाखो वाचले’ असं मोघम लिहिलं की हिशेब माहीत असलेल्याचा खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

माझ्या मते सर्वात जास्त अन्याय होतो तो अकाउंट्सच्या ताईंवर. बंद पडलेली यंत्रणा रात्रीत सुरू करणारा सगळ्यांना दिसतो, पण जिच्यामुळे ती बंदच पडली नाही, तिचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय त्या दुसऱ्या विभागातल्या, म्हणून टीमच्या यादीत त्यांचं नावच नसतं. रात्रभर जागल्याचं कौतुकही जपून करावं. नियोजन चुकल्यामुळे जागावं लागलं असेल, तर ते मेलमध्ये मिरवायची गोष्ट नाही.

मेल काम संपल्यावर त्याच आठवड्यात जावा, आणि प्रत्येकाच्या थेट वरिष्ठालाही. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो. पाठवण्याआधी मात्र टीममधल्या दोघांना मसुदा दाखवा आणि एवढंच विचारा: कोणाचं नाव राहिलं का?