ग्रुप बंद करण्याआधी लिहायची सूचना

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, ही सोय २०१८ च्या मध्यात आली. त्याआधी अ‍ॅडमिनच्या हातात विनवण्या करणं किंवा एखाद्याला काढून टाकणं, एवढंच होतं. ९ नोव्हेंबर २०१९ ला अयोध्येचा निकाल लागला, तेव्हा कितीतरी ग्रुपांनी ही सोय वापरली. आता निवडणूक, अफवा, पार्किंगचं भांडण, कशानेही ग्रुप बंद होतो. बंद करायला एक बटण पुरतं. पण तो का बंद केला आणि आता तक्रार कुठे न्यायची, हे सभासदांना नीट सांगणं फार कमी ठिकाणी होतं, आणि मला ते मनापासून खटकतं. ज्याला ग्रुपवर बोलायचं होतं त्याचा प्रश्न बटण दाबल्याने सुटलेला नसतो.

ठाण्यात घोडबंदर रोडवर आमची तीन विंगांची सोसायटी आहे आणि मी तिची सेक्रेटरी. पावसाळ्याआधी पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या. बुधवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद, बादल्या भरून ठेवा, अशी सूचना मंगळवारी सकाळी ग्रुपवर टाकली. तिच्याखाली कुणीतरी साधा प्रश्न विचारला की पाण्याला वास येतोय का. तासाभरात कुठल्याशा दुसऱ्या सोसायटीतल्या काविळीचा फॉरवर्ड आला आणि दुपारपर्यंत त्याचं ‘आपल्याकडची दोन मुलं अ‍ॅडमिट’ झालं. कुठली मुलं, कुठल्या हॉस्पिटलात, कुणालाच सांगता येईना. संध्याकाळी दोन गृहस्थांनी पार्किंगचं जुनं भांडण त्यातच उकरून काढलं. पाणी बंद असल्याची सूचना कुठल्या कुठे वर गेली आणि उद्या पाणी येणार का, असं विचारणारे फोन मला येऊ लागले.

चेअरमनसाहेब म्हणाले, आत्ताच्या आत्ता ग्रुप बंद करा. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं, कारण त्या क्षणी स्क्रीनवरचा शेवटचा मेसेज एका सभासदाचा होता: ‘याआधी टाक्या कधी धुतल्या होत्या ते कमिटीने सांगावं.’ त्या मेसेजवर ग्रुप बंद झाला असता तर कमिटीला प्रश्न विचारला म्हणून तोंड बंद केलं, हाच अर्थ सगळ्यांनी काढला असता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. म्हणून आधी रजिस्टर काढून मागच्या धुण्याची तारीख आणि बिलाचा फोटो टाकला.

क्रमही सांभाळावा लागतो. सेटिंग बदललं की ग्रुपवर एक करडी ओळ आपोआप उमटते: अमुक व्यक्तीने आता फक्त अ‍ॅडमिनना मेसेज पाठवता येतील असं केलं. त्यात व्यक्तीचं नाव असतं, कारण नसतं. ही ओळ आधी आणि खुलासा अर्ध्या तासाने आला, तर तो अर्धा तास लोक त्या नावाला बोल लावण्यात घालवतात. म्हणून खुलाशाचा मजकूर आधी तयार हवा, तो ग्रुपवर गेला की लगेच सेटिंग बदलायचं. काही जण म्हणतात, खुलासा टाकून रात्रभर ग्रुप उघडा ठेवावा. अफवा फिरत असताना मला ते पटत नाही, कारण शेवटची संधी म्हणून प्रत्येक जण तोंडसुख घेतो.

खजिनदारांनी पहिला मसुदा लिहिला तो असा: ‘काही सभासदांच्या बेजबाबदार वर्तनामुळे ग्रुप बंद करण्यात येत आहे.’ अशी वाक्यं इतर अनेक ग्रुपांवरही दिसतात. ती वाचून जो तो ‘काही सभासद’ म्हणजे कोण हे शोधू लागतो आणि ज्यांनी काहीच केलेलं नसतं त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटतं. अ‍ॅडमिनवर पोलीस केस होईल, हे कारण घालू या असंही कुणी सुचवलं. ते लिहिणं बरोबर नव्हतं. गोंदियातल्या एका ग्रुपच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. आमच्याकडे तर असा मजकूरही नव्हता. भीती दाखवून ग्रुप बंद केला की पुढच्या खऱ्या सूचनेवरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

शेवटी गेली ती सूचना अशी:

‘सर्व सभासदांस नमस्कार. उद्या, बुधवारी, सकाळी १० ते दुपारी ४ टाक्या धुण्यासाठी पाणी बंद राहील. ही सूचना आज अनेकांना सापडली नाही. काविळीची न तपासलेली बातमीही ग्रुपवर फिरली; आपल्याकडे कुणी आजारी असल्याचं आतापर्यंत कुणीही कमिटीला कळवलेलं नाही. म्हणून पाण्याच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत, फार तर पुढच्या बुधवारी रात्री ९ पर्यंत, ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहितील. पाण्याला वास किंवा रंग असेल, घरात कुणाला त्रास होत असेल, तर विंग, मजला आणि वेळ लिहून आपल्या विंगच्या अ‍ॅडमिनला पर्सनलवर कळवा, किंवा गेटवरच्या केबिनमधल्या वहीत लिहा. लिफ्ट, आग, गॅस, तब्येत यांसाठी थेट केबिनला फोन करा. आलेल्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर रोज रात्री ९ वाजता, नाव न घेता, इथे मिळेल. ग्रुप बंद ठेवणं मान्य नसेल तर तेही कळवा. तेही यादीत येईल.’

यातली मुदत मी हट्टाने घातली. ‘पुढील सूचनेपर्यंत’ असं लिहिलं की ग्रुप महिनोन् महिने तसाच राहतो आणि तो उघडण्यासाठी सभासदांना कमिटीच्या मागे लागावं लागतं. तातडीच्या फोनची ओळही त्याच मेसेजमध्ये लागते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस सवयीने आधी ग्रुप उघडतो, आणि तिथे लिहिता येत नाही हे त्याला नेमकं तेव्हाच कळतं.

अ‍ॅडमिनची यादीही त्याच रात्री बदलली. तोवर सगळे अ‍ॅडमिन कमिटीतलेच होते. कमिटीविरुद्धची तक्रार कमिटीलाच सांगा, असं म्हटल्यावर कोण सांगेल? म्हणून प्रत्येक विंगमध्ये कमिटीबाहेरची एक व्यक्ती अ‍ॅडमिन केली. तिघांत दोन बायका होत्या, कारण घरात पाणी भरण्याचं आणि वापरण्याचं बहुतेक काम त्याच बघतात.

ग्रुप बंद झाल्यावर सभासदाला लिहायच्या जागी `Only admins can send messages` एवढंच दिसतं. सी विंगमधल्या एका आजोबांनी फोन बिघडला समजून तो दोनदा बंद-चालू केला आणि मग खाली येऊन वॉचमनला दाखवला. त्या ओळीतल्या `admins` या शब्दावर बोट ठेवलं की अ‍ॅडमिनची नावं उघडतात. अ‍ॅडमिनचा मेसेज दाबून धरून `Reply privately` निवडलं की उत्तर फक्त त्यालाच जातं. हे दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळच्या फळ्यावर मराठीत लिहून लावलं. मेसेजवर इमोजी टाकता येत होतेच आणि पुष्कळांनी रागाचे चेहरे टाकले. त्यावरून राग आहे एवढंच समजतं, तो कशाचा ते विचारावं लागतं. अंगठे मोजून सगळ्यांची संमती आहे असं ठरवणं तर त्याहून चूक.

खरी माहिती पर्सनलवरच आली. बी विंगमधल्या एका काकूंनी लिहिलं: ‘पहाटे पहिल्या पाण्याला वास येतो, सातनंतर जातो. ग्रुपवर लिहिलं असतं तर वरच्या मजल्यावरच्यांनी झोडपलं असतं, त्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचाय.’ केबिनच्या वहीत त्याच विंगमधल्या आणखी एका घराची तशीच नोंद निघाली. ए आणि सी विंगमधून काहीच नव्हतं. जमिनीखालची टाकी तिन्ही विंगांना एकच, गच्चीवरच्या टाक्या वेगळ्या; म्हणजे दोष बहुधा बी विंगच्या गच्चीवर. प्लंबर वर गेला तर टाकीचं झाकण सरकलेलं, ओव्हरफ्लोच्या पाइपची जाळी गायब आणि कडेला कबुतरांची घाण. रात्रभर साठलेलं ते पाणी पहाटे नळाला यायचं. सकाळी पंप चालू झाला की ताजं पाणी मिसळून वास कमी व्हायचा. विंग, मजला आणि वेळ विचारली म्हणून हे सापडलं. ग्रुपवर दिवसभर शंभर जण ‘वास येतोय’, ‘नाही येत’ म्हणत राहिले असते.

त्या रात्रीच्या यादीत उत्तर गेलं: ‘तक्रार ३: बी विंग, पहाटे पाण्याला वास. कारण गच्चीवरच्या टाकीचं उघडं झाकण. टाकी आज पुन्हा धुतली, झाकण आणि जाळी उद्या बसेल, तोवर बी विंगने पाणी उकळून प्यावं. तक्रार ५: ग्रुप बंद करणं हा सभासदांवर अन्याय आहे. उत्तर: मुदत बुधवारपर्यंतच आहे, अहवाल लवकर आला तर त्याच दिवशी उघडू.’ पाचव्या तक्रारीचं उत्तर छापायला कमिटीतले दोघे तयार नव्हते. ती गाळली असती तर बाकीच्या चार उत्तरांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

अशा वेळी एक वेगळा ग्रुप हमखास तयार होतो. आमच्याकडेही झाला असावा, कारण एका संध्याकाळी तिन्ही विंगांच्या अ‍ॅडमिनना एकाच शब्दांत लिहिलेला एकच प्रश्न आला. तो ग्रुप कोणी काढला याचा शोध घेण्यात काही हशील नाही. त्या प्रश्नाचं उत्तर रात्रीच्या यादीत टाकलं, तेवढं पुरलं.

आणखी एक गोष्ट सभासदांना सांगावी लागली. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर पटलं नाही तर तिथे वाद घालत बसायची गरज नसते. आदर्श उपविधींमधल्या १७२ ते १७४ या कलमांनुसार सभासद सोसायटीकडे लेखी तक्रार देऊ शकतो. कमिटीने ती पुढच्या सभेत घेऊन निर्णय १५ दिवसांत कळवायचा असतो. तो कळवला नाही किंवा पटला नाही, तर तक्रारीच्या विषयाप्रमाणे उपनिबंधक, सहकार न्यायालय, महापालिका किंवा पोलीस यांच्याकडे जाता येतं. ग्रुप उघडा असो की बंद, हा मार्ग कमिटीला अडवता येत नाही.

अहवाल शनिवारी आला, पाणी पिण्याजोगं निघालं. त्याचा फोटो टाकून त्याच संध्याकाळी ग्रुप उघडला. चेअरमनसाहेबांना तो कायमचा बंद हवा होता. आम्ही तो प्रश्न सभासदांच्या सभेपुढे ठेवला आणि तिथे दोन ग्रुप करायचं ठरलं: एक सूचनांचा, फक्त अ‍ॅडमिनने लिहायचा, दुसरा सगळ्यांनी बोलायचा. विंगनिहाय अ‍ॅडमिनची नावं आणि केबिनचा नंबर सूचनांच्या ग्रुपवर पिन केलेला असतो. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, म्हणून महिना संपायच्या आत ती पुन्हा लावायचं काम सी विंगच्या अ‍ॅडमिनबाईंकडे आहे.