झोपेच्या चोरीची लेखी फिर्याद

आवडणाऱ्या माणसाला 'तू मला आवडतोस' असं लिहिणं अवघड असतं, कारण त्या वाक्याला हो किंवा नाही एवढीच दोन उत्तरं असतात. 'तू माझी झोप चोरलीस, तक्रार नोंदवत आहे' असं लिहिलं की वाचणाऱ्याला हसता येतं, खोटं रागावता येतं, उलट आरोप करता येतो. म्हणूनच लाडिक तक्रारपत्राचा हा प्रकार पिढ्यानपिढ्या टिकला आहे. तो नीट साधायचा तर त्यात दडलेलं काम समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे या तक्रारीची जुनी वाट गवळणीची आहे. संत एकनाथांच्या गवळणींमध्ये आणि पुढे तमाशातल्या गणानंतरच्या गवळणीत गोपी कृष्णाविरुद्ध गाऱ्हाणी मांडतात. त्याने दही-लोणी चोरलं, मथुरेच्या बाजाराला निघाल्यावर वाट अडवली, बासरी वाजवून घरची कामं विसरायला लावली. पण गाऱ्हाणं इतकं तपशीलवार असतं की त्याला किती निरखून पाहिलं आहे, हे गोपी स्वतःच सांगून जातात. निंदेच्या रूपाने केलेल्या अशा स्तुतीला काव्यशास्त्रात व्याजस्तुती म्हणतात. प्रेमातलं तक्रारपत्र याच अलंकारावर उभं असतं. वरवर आरोप, आतून कौतुक.

गवळण गाणाऱ्या गोपी यशोदेकडे जातात. आजचं पत्र मात्र सरकारी अर्जाचा साचा घेतं, कारण तो साचा आपल्या हातात शाळेपासून बसलेला आहे. प्रति, विषय, संदर्भ, 'वरील विषयास अनुसरून', शेवटी 'आपला विश्वासू'. त्यात पोलिसी फिर्यादीची भाषा मिसळली की चव येते. 'संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने' हे शब्द चोरीच्या बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत असतात, आणि त्यांच्यामागे कायदाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे चोरी होण्यासाठी वस्तू जंगम मालमत्ता असावी लागते, ती दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीविना हलवलेली असावी लागते आणि हेतू अप्रामाणिक असावा लागतो. झोप पहिल्याच अटीला नापास होते. गंमत मात्र शेवटच्या अटीत आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बहुधा काहीच कल्पना नसते, म्हणजे हेतूच नाही. पत्र हेतूचा आरोप करतं, आणि ते खोडून काढण्याच्या निमित्ताने समोरच्याला पहिल्यांदाच कळतं की आपल्यामुळे कुणीतरी जागं आहे.

झोपेची बाजू कायद्यात तशी अगदीच लंगडी नाही. दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या आंदोलकांवर पोलीस कारवाई झाली होती. त्या प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने झोपेचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असा संदर्भ आपोआप सुचतो. तेव्हा समजा, तिथली एक मुलगी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला लिहिते आहे :

प्रति,
मा. खिडकीजवळच्या टेबलाचे कायम रहिवासी,
अभ्यासिका, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराची झोप व लक्ष चोरीस गेल्याबाबत.
संदर्भ : 1) मंगळवारी आपण मागून नेलेला हायलायटर. 2) राज्यघटना, कलम 21.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, मंगळवारी आपण दोन मिनिटांसाठी हायलायटर नेला. तो परत मिळाला. त्याच्यासोबत गेलेला पुढील मुद्देमाल अद्याप मिळालेला नाही.

अ) झोप. रात्री साडेअकरानंतरची, गाढ, कूस न बदलणारी.

ब) लक्ष. समानतेच्या हक्काचं पान उघडं असताना गेलं. ते पान अजून पाठ नाही. 'थँक्यू' म्हणण्याआधी आपण चष्मा वर सरकवता, ते मात्र पाठ आहे.

सदर मुद्देमाल आपण अर्जदाराच्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने नेला आहे. शिवाय चहाच्या टपरीवरच्या मांजराला आपण रोज अर्धं बिस्कीट देता. सज्जनपणाचा हा देखावा पाहून अर्जदाराची उरलीसुरली झोपही गेली.

तरी रविवारी संध्याकाळी सदर टपरीवर समक्ष हजर राहून, एक कटिंग संपेपर्यंत खुलासा करावा. ते शक्य नसल्यास अर्ज दप्तरी दाखल करावा. अर्जदाराची त्यावर काही हरकत राहणार नाही.

आपली विश्वासू,
शेजारच्या टेबलावरील अर्जदार

सोबत : हायलायटर (पुन्हा लागल्यास).

या पत्राचा जीव चष्मा आणि मांजर या दोन तपशिलांत आहे. 'तुझे डोळे सुंदर आहेत' हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. चष्मा वर सरकवण्याची लकब त्या एकाच माणसाची असते. तक्रारीला पुरावा लागतो, आणि इथे पुरावा म्हणजेच कौतुक. पण हा पुरावा चारचौघांत सहज दिसणाऱ्या गोष्टींचाच हवा. तो किती वाजता घरी जातो, कुणाशी फोनवर बोलतो, हे पत्रात आलं की वाचणारा हसत नाही, त्याला पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट नुकसानीच्या मापाची. थोडी झोप आणि पुस्तकाचं एक पान, एवढंच गेलेलं बरं. 'तुझ्यामुळे मी नापास होईन', 'तुझ्यावाचून जेवण जात नाही' असं लिहिलं की लाडिक तक्रार खरी होते आणि न केलेल्या गोष्टीचं ओझं समोरच्याच्या डोक्यावर बसतं. पाठवण्याआधी पत्र त्याच्या जागी बसून वाचावं. वाचून उलट खोडी काढावीशी वाटली, तर जमलं. माफी मागावीशी वाटली, तर पत्र फसलं.

तिसरी गोष्ट मागणीची. अर्जात विनंती नसेल तर तो नुसता उसासा होतो, म्हणून काहीतरी मागायला हवंच. पण ते छोटं असावं, त्याला वेळेची मर्यादा असावी, आणि नकाराचा रस्ता अर्जदारानेच लिहून द्यावा. 'अर्ज दप्तरी दाखल करावा' हे वाक्य गमतीचं असलं तरी पत्रातलं सगळ्यात जबाबदार वाक्य तेच आहे. त्यामुळे समोरच्याला कुणाचं मन न मोडता, काही कारण न देता गप्प राहता येतं.

कचेरीत उत्तर आलं नाही की स्मरणपत्र धाडतात. इथे ते कधीही धाडू नये. गप्प राहणं हेही उत्तरच आहे. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, तर न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो खराखुरा गुन्हा ठरतो. मुलगा असो वा मुलगी, पहिलं पत्र लाडिक असतं ते एकदाच आलेलं असतं म्हणून.

पत्र ज्याला आलं, त्यानेही तोच साचा वापरावा. जायचं असेल तर 'आरोप अमान्य. माझीही झोप मंगळवारपासून बेपत्ता असून संशय अर्जदारावरच आहे. रविवारी समोरासमोर चौकशी व्हावी' एवढं पुरेल. जायचं नसेल तर 'अर्ज वाचून आनंद झाला, मात्र मुद्देमाल माझ्याकडे आढळला नाही' असं लिहावं. त्यात नकार स्पष्ट आहे, आणि दोघांनाही सोमवारी त्याच अभ्यासिकेत आपापल्या टेबलावर बसता येतं.