वर्षाला दीड हजार, पण बिले किती?

किराणा दुकानदार संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर मोबाईलवर ‘बिलिंग सॉफ्टवेअर किंमत’ असे टाइप करतो, तेव्हा त्याला बिलिंग सॉफ्टवेअर म्हणजे काय हे नको असते. त्याला आकडा हवा असतो. किती पैसे, महिन्याला की वर्षाला, जीएसटी धरून की वेगळा, आणि तेवढ्या पैशांत त्याचे दुकान चालेल का. गूगल त्याला प्रत्येक कंपनीच्या नावावर एक ठळक ओळ आणि तिच्याखाली बारीक अक्षरांतला थोडा मजकूर दाखवते. ठळक ओळ बहुधा पानाच्या शीर्षकातून येते. खालच्या मजकुरासाठी कंपनी स्वतः एक वर्णन लिहून ठेवू शकते. दुकानदार आत यायचे की नाही ते या दोन ओळी वाचूनच ठरवतो.

बहुतेक छोट्या कंपन्या या ओळी वाया घालवतात. शीर्षकात ‘प्राइसिंग’ आणि कंपनीचे नाव, वर्णनात ‘तुमच्या व्यवसायासाठी सर्वोत्तम उपाय’. यात आकडा कुठेच नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे ‘मोफत जीएसटी बिलिंग सॉफ्टवेअर’ एवढेच लिहायचे आणि मोफत योजनेत महिन्याला ५० बिलेच निघतात, ही गोष्ट तक्त्याच्या तळाशी तारांकित टीपेत ठेवायची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअरच्या दोन योजना आहेत. मोफत योजनेत महिन्याला ५० बिले आणि एक संगणक. दुसरी योजना वर्षाला १,४९९ रुपयांची. तिच्यात बिलांना मर्यादा नाही, पण संगणक एकच, आणि प्रत्येक जादा संगणकाला वर्षाला ६०० रुपये. दोन्ही रकमांवर १८ टक्के जीएसटी. दिवसाला ४० बिले फाडणाऱ्या दुकानात मोफत योजना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच संपते. महिन्याला दहा-पंधरा बिले करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मात्र तीच योजना वर्षानुवर्षे पुरेल. म्हणजे ५० बिले हा आकडा कमीपणाचा नाही, गिऱ्हाईक निवडण्याचा आहे. तो आधी सांगितला तर इलेक्ट्रिशियन निर्धास्तपणे आत येतो आणि किराणावाला सरळ दुसऱ्या योजनेकडे बघतो.

हे सगळे दोन ओळींत असे बसते:

```html
<title>बिलिंग सॉफ्टवेअर किंमत: मोफत किंवा वर्षाला ₹1,499 + GST</title>
<meta name="description" content="मोफत: महिन्याला 50 बिले, 1 संगणक. वर्षाला ₹1,499 + GST (एकूण ₹1,769): अमर्याद बिले, 1 संगणक. प्रत्येक जादा संगणक ₹600 + GST.">
```

शीर्षकात ‘किंमत’ हा शब्द आहे, कारण लोक तोच टाइप करतात. ‘दरमहा फक्त १२५’ असे लिहिलेले नाही. भागाकार बरोबर आला तरी महिन्याला १२५ रुपये देण्याची सोयच नाही. पैसे एकरकमी भरावे लागतात आणि जीएसटी धरून खिशातून १,७६९ रुपये जातात. वर्णनात ही पूर्ण रक्कम आहे.

शब्दांचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. गूगलने वर्णनाला अक्षरांची ठरावीक मर्यादा घातलेली नाही, पण पडद्यावर जागा संपली की मजकूर कापला जातो, आणि मोबाईलवर ती लवकर संपते. या कामातली माणसे ढोबळमानाने शीर्षक ५०-६० आणि वर्णन १५० अक्षरांच्या आसपास ठेवतात. मोबाईलचा विचार केला तर पहिली शंभरेक अक्षरेच भरवशाची. म्हणून जी मर्यादा गिऱ्हाइकाला सर्वांत आधी अडवणार, ती वर्णनाच्या सुरुवातीला हवी. आपल्या उदाहरणात ती बिलांची आहे. जादा संगणकाचा दर शेवटी आहे, कारण तो कापला गेला तरी ‘१ संगणक’ हे आधीच सांगून झालेले असते. हाच मजकूर उलटा लिहिला, आधी ‘सोपे, जलद, सुरक्षित’ आणि शेवटी ५० बिले, तर मर्यादा लिहूनही लपलेलीच राहते.

एवढे करूनही गूगल हेच दाखवेल याची हमी नाही. शोधाशी अधिक जुळणारे वाक्य पानावर सापडले, तर ते वर्णन बाजूला ठेवून तेच उचलते. शीर्षकही ते बदलू शकते. पान इंग्रजीत आणि शीर्षक मराठीत असेल, तर तशी शक्यता वाढते. म्हणून पानाच्या मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात हीच माहिती, याच आकड्यांसह हवी. किंमत आणि तिची मर्यादा एकाच वाक्यात बांधा. ‘मोफत योजनेत महिन्याला ५० बिले’ हे एक वाक्य असेल, तर ‘मोफत’ तेवढे उचलले जाऊन ‘५० बिले’ मागे राहण्याचा धोका बराच कमी होतो. योजनांचा तक्ता चित्र म्हणून चिकटवू नका, तो साध्या मजकुरात ठेवा.

चूक झाली आहे हे ओळखायचे कसे? सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात दरांचे पान निवडले की लोक कोणते शब्द टाइप करून तिथे आले, ते दिसते. ‘मोफत’ असलेल्या शोधांतून क्लिक भरपूर, पण नवी खाती ५० बिलांपाशी थांबतात आणि मदतीच्या फोनवर ‘बिल का निघत नाही’ ही तक्रार वारंवार येते, तर शोधनिकालातली ओळ अर्धेच सांगते आहे. मर्यादा पुढे आणल्यावर क्लिक थोडे घटू शकतात. ते घटू द्यावेत. वर्णनातल्या शब्दांमुळे गूगलच्या क्रमवारीत वर-खाली होत नाही, आणि जो दुकानदार दुसऱ्या दिवशी चिडून निघून जाणार होता, तो न आल्याने मदतीचा फोन मोकळा राहतो.

शीर्षकात आकडा घालण्याचा एक खरा तोटा मात्र आहे. दर वाढवला तरी गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत जुनाच दर दिसतो. याला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. सर्च कन्सोलमधून पान पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. तरीही दर बदलण्याच्या दिवशी शीर्षक, वर्णन, पहिला परिच्छेद आणि तक्ता हे चारही एकदम बदला, आणि जुना आकडा पाहून आलेल्याला काही दिवस जुन्या दरानेच द्या. दर वारंवार बदलत असतील, तर शीर्षकात फक्त ‘किंमत आणि मर्यादा’ लिहून आकडा वर्णनात ठेवलेला बरा.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ‘डार्क पॅटर्न’ प्रकारांची यादी आहे. किमतीचे भाग सुरुवातीला न सांगता पुढे उघड करणे त्यात येते, आणि पुढे वापर चालू ठेवायला पैसे लागतील हे नीट न सांगता वस्तू ‘मोफत’ म्हणून जाहिरात करणेही येते.