उणे चिन्हाचे चार गुण

‘सर, माझं उत्तर बरोबर आहे, फक्त चिन्ह चुकलं. तेवढ्यासाठी सहापैकी चार गुण गेले. पुन्हा पाहाल का?’

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे पेपर तपासून झाले, की गणिताच्या प्राध्यापकांना असा ईमेल येऊ शकतो. मजकूर इथे कल्पिलेला आहे, चूक मात्र नेहमीची आहे.

प्रश्न असा: ∫₀¹ ∫ₓ¹ e^(y²) dy dx याचा क्रम बदलून किंमत काढा. क्रम का बदलायचा? कारण e^(y²) चं इंटिग्रेशन नेहमीच्या सूत्रांत बसतच नाही. ते बसणार नाही हे सिद्ध करण्याची रीत लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दिली. पण आधी x चं इंटिग्रेशन केलं, तर एक जादा y हाती येतो आणि गणित सुटतं.

मूळ लिमिट सांगतात, की x हा 0 ते 1, आणि प्रत्येक x साठी y हा y = x या तिरक्या रेषेपासून वर 1 पर्यंत. कागदावर हा त्रिकोण होतो. आता त्याच त्रिकोणात आडवी पट्टी काढा. ती डावीकडे x = 0 ला सुरू होते आणि उजवीकडे तिरक्या रेषेवर, म्हणजे x = y वर संपते. म्हणून x हा 0 ते y, आणि y हा 0 ते 1. आतलं इंटिग्रेशन y·e^(y²) देतं आणि उत्तर येतं (e − 1)/2, साधारण 0.86.

विद्यार्थ्याने आकृती बरोबर काढली, पण x ची लिमिट y पासून 0 पर्यंत लिहिली. मूळ गणितात तिरकी रेषा खालची लिमिट होती, म्हणून त्याने ती खालीच ठेवली. पट्टी उलट दिशेने धावली आणि उत्तर आलं −0.86.

हे उत्तर चूक आहे, हे त्याला तिथेच कळायला हवं होतं. e^(y²) कधीच ऋण नसतं. या त्रिकोणात ते 1 आणि 2.72 यांच्या दरम्यान राहतं, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ आहे अर्धा. म्हणजे उत्तर 0.5 आणि 1.36 यांच्या मध्येच हवं. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची. ती उत्तरपत्रिकेत क्वचितच कोणी करतं.

मग गुणांचं काय? आकृतीला दोन, लिमिटना दोन, पुढच्या आकडेमोडीला दोन, अशी वाटणी धरू. लिमिट लिहिणं हाच या प्रश्नाचा गाभा, त्यामुळे ते दोन गुण गेले ते योग्यच. पण चुकीच्या लिमिटवरून पुढची आकडेमोड त्याने बिनचूक केली असेल, तर तिचे गुणही कापणं म्हणजे एकाच चुकीची दोनदा शिक्षा. ईमेलमध्ये ‘फक्त चिन्ह चुकलं’ असं न लिहिता चूक कोणत्या ओळीत झाली ते मान्य करावं, त्या पानाचा फोटो जोडावा आणि पुढच्या पायऱ्यांचे गुण मिळतील का, एवढंच विचारावं. चार गुणांचा आग्रह टिकणार नाही, दोनांचा टिकेल.